स्लाईडवर मलेरिई, पीसीआरवर नोलेसी

प्रश्न: नमस्कार मॅडम. इंदूरमध्ये माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. गेल्या महिन्यात २९ वर्षांचा एक मुलगा तापासाठी आला. आठ महिने मलेशियातल्या सबाहमध्ये पाम तेलाच्या मळ्यांच्या कडेने सर्व्हेचं काम करून परतला होता, आल्यावर पाचव्या दिवशी ताप. पातळ स्मिअरवर पट्ट्यासारखे परजीवी, थोड्या रिंगा, तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या नाहीत, ठिपके नाहीत. २०० पांढऱ्या पेशींमागे ५२० परजीवी. पांढऱ्या पेशी ६,०००, प्लेटलेट ४८,०००. किटवर फाल्सिपेरमची रेघ नाही, सामाईक रेघ फिकट. मी ‘प्लाझ्मोडियम मलेरिई’ लिहिलं. हा मलेरिया संथ असतो म्हणून औषध सुरू व्हायला दोन दिवस गेले. तोवर कावीळ झाली आणि धाप लागू लागली. रुग्णालयात परजीवी १,१८,००० भरले, आर्टेसुनेटची इंजेक्शनं द्यावी लागली. आता तो बरा आहे. पीसीआरमध्ये ‘नोलेसी’ निघालं. मी स्लाईड पुन्हा पाहिली, मला अजूनही मलेरिईच दिसतो. माझं काय चुकलं? आणि हा माकडांचा मलेरिया असेल तर चोरल-पातालपाणीच्या माकडांपासून आपल्यालाही होईल का?

उत्तर:

स्लाईड पुन्हा पाहून तुम्हाला मलेरिईच दिसतो, यात नवल नाही. मलाही तेच दिसलं असतं. नोलेसीचे वाढलेले ट्रोफोझॉइट, शायझाँट आणि गॅमेटोसाइट हे मलेरिईसारखेच असतात. पेशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेला पट्टा, काळपट जाडसर पिगमेंट, आकाराने न वाढलेली तांबडी पेशी आणि व्हायवॅक्समध्ये दिसणाऱ्या शुफ्नरच्या ठिपक्यांचा अभाव, ही सगळी आपण मलेरिईची लक्षणं म्हणून शिकलो आणि नोलेसीत ती जशीच्या तशी सापडतात. नजरेत तुम्ही कमी पडला नाहीत. पण तुमच्याच कागदावर तीन गोष्टी अशा होत्या की त्यांच्यापुढे ‘मलेरिई’ हे नाव टिकत नव्हतं: परजीवींची संख्या, प्लेटलेट आणि सबाह.

आधी संख्येचं बोलू, कारण या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

२०० पांढऱ्या पेशींमागे ५२० परजीवी. बऱ्याच लॅबमध्ये पांढऱ्या पेशी सरसकट ८,००० धरतात. तसं धरलं तर मायक्रोलिटरमागे २०,८०० येतात. या मुलाच्या पांढऱ्या पेशी प्रत्यक्ष मोजलेल्या होत्या, ६,०००. त्या घेतल्या तर ५२० भागिले २०० गुणिले ६,००० म्हणजे १५,६००. खरा आकडा हाच. मोजलेला आकडा हाताशी असताना ८,००० धरू नका, कारण पुढे सांगणार आहे त्या सीमारेषांच्या आसपास एवढा फरक निर्णय बदलू शकतो.

आता १५,६०० हा आकडा मलेरिईला शोभतो का? मलेरिई मुख्यतः म्हाताऱ्या तांबड्या पेशींत शिरतो आणि त्याचं एक चक्र ७२ तासांचं असतं. त्यामुळे त्याची संख्या सहसा ५,००० च्या खालीच राहते, पुष्कळदा त्याहून बरीच खाली. मलेरिईच्या स्लाईडवर एकेक परजीवी शोधत बसावं लागतं, हा तुमचाही अनुभव असेल. नोलेसीचं चक्र २४ तासांचं आहे. माणसाला होणाऱ्या मलेरियांत एवढं छोटं चक्र दुसऱ्या कुठल्याच प्रजातीचं नाही. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्सचं ४८ तासांचं असतं.

या मुलाच्या बाबतीत ते चक्र आकड्यांतच दिसतं. पहिल्या दिवशी १५,६०० आणि दोन दिवसांनी १,१८,०००, म्हणजे साडेसात पट. दिवसाला साधारण पावणेतीन पट. एका शायझाँटमधून दहाच्या आसपास मेरोझॉइट बाहेर पडतात. त्यातले तीनही धड नव्या पेशीत शिरले नाहीत, बाकीचे वाया गेले, आणि तरी एवढी वाढ झाली. मलेरिई असता तर या ४८ तासांत त्याची एक पिढीसुद्धा पुरी झाली नसती. दोन दिवस थांबलं तर चालेल, हा हिशेब मलेरिईच्या घड्याळावर केलेला होता आणि आत घड्याळ नोलेसीचं चालू होतं.

सीमारेषा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत नोलेसीसाठी मायक्रोलिटरमागे १,००,००० च्या वर परजीवी असणं हाच गंभीर मलेरिया. कावीळ असेल तर २०,००० च्या वरच तो गंभीर धरतात. फाल्सिपेरममध्ये आपण बेशुद्धीला घाबरतो. नोलेसीत ती वाट जवळजवळ दिसत नाही. तिथे मूत्रपिंड, फुप्फुसं आणि कावीळ पाहायची असते. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, म्हणून घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही वाटतं की अजून वेळ आहे. प्लेटलेट मात्र नोलेसीत जवळजवळ सगळ्यांच्याच उतरतात. एकट्या ४८,००० वर प्रजाती ठरत नाही, डेंगीतही तसंच होतं. पण ‘मलेरिई’ या निदानाशेजारी एवढ्या खालच्या प्लेटलेट बसत नाहीत, हे खटकायला हवं.

आता स्लाईडकडे. नोलेसी एका नव्हे, दोन प्रजातींचं सोंग घेतो आणि कोणतं, ते रक्त काढण्याच्या वेळेवर ठरतं. कोवळ्या रिंगा फाल्सिपेरमसारख्या दिसतात: नाजूक, एकाच रिंगेत क्रोमॅटिनचे दोन ठिपके, कधी पेशीच्या काठाला चिकटलेल्या, कधी एकाच पेशीत दोन किंवा तीन. काही तास गेले की त्यांचेच पट्टे होतात आणि मलेरिई दिसू लागतो. निसर्गतः माणसाला नोलेसी झाल्याची पहिली नोंद १९६५ ची आहे. मलेशियातल्या पहांगच्या जंगलात काम करून परतलेल्या एका अमेरिकन सर्व्हेअरला तो झाला होता. त्याच्या स्लाईडला आधी फाल्सिपेरम म्हटलं गेलं, नंतर मलेरिई. दोन्ही वेळा पाहणाऱ्याने जे दिसलं तेच लिहिलं होतं. खरी ओळख पटली ती त्याचं रक्त ऱ्हीसस माकडांना टोचल्यावर.

यातूनच एक कामाची युक्ती निघते. शंका आली तर सहा-आठ तासांनी दुसरी स्लाईड घ्या. २४ तासांच्या चक्रात आठ तास म्हणजे एक तृतीयांश आयुष्य. चित्र बरंच बदललेलं दिसेल, रिंगांच्या जागी पट्टे किंवा पट्ट्यांच्या जागी शायझाँट. मलेरिईत तेवढ्या वेळात फारसं काही हलत नाही. युक्तीला मर्यादा आहे: माणसाच्या रक्तात सगळे परजीवी एका तालात वाढतीलच असं नाही, आणि मग दोन्ही स्लाईडवर सगळंच मिसळलेलं दिसतं. आणि या दुसऱ्या स्लाईडसाठी औषध एक तासही अडवायचं नाही.

तुमच्याकडे ती जुनी स्लाईड अजून असेल तर पातळ स्मिअरच्या विरळ भागात शंभरेक फील्ड पुन्हा पाहा आणि पट्ट्यांकडे दुर्लक्ष करा. पट्टे दोघांत असतात, ते काहीच सांगणार नाहीत. त्या ‘थोड्या रिंगा’ शोधा. एका पेशीत दोन-तीन परजीवी, रिंगेत दुहेरी ठिपका असं काही आहे का? मलेरिईत एका पेशीत एकाहून जास्त परजीवी क्वचित सापडतात. मग पिकलेला शायझाँट सापडतो का बघा. सापडला तर मेरोझॉइट मोजा. मलेरिईत ६ ते १२, बहुधा आठ, आणि पिगमेंटभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले. नोलेसीत ते १६ पर्यंत जातात आणि मांडणी इतकी नीटनेटकी नसते. बारापर्यंतचे आकडे दोघांत येतात, म्हणून आठ सापडले तर काहीच सिद्ध होत नाही. चौदा किंवा सोळा सापडले तर मात्र मलेरिई म्हणणं अवघड आहे. अडचण अशी की पुष्कळ रुग्णांच्या स्लाईडवर पिकलेला शायझाँट मिळतच नाही. पुस्तकांत सिंटन आणि मलिगनचे ठिपके नावाचं एक लक्षण दिलेलं असतं. तेही माणसाच्या रक्तात भरवशाने दिसत नाही, त्यावर विसंबू नका.

जाड स्मिअरवर हा प्रश्न सुटण्याची आशाच नाही. तिथे तांबड्या पेशी विरघळलेल्या असतात, त्यामुळे पेशीचा आकार, ठिपके, एका पेशीत किती परजीवी, सगळं गेलं. जाड स्मिअर परजीवी सापडण्यासाठी आणि मोजण्यासाठी. शिवाय ईडीटीएच्या नळीत रक्त तासन् तास पडून राहिलं की परजीवींचा आकार बिघडतो, चांगले ट्रोफोझॉइट आक्रसून भलतेच दिसतात. स्मिअर तासाभरात करा आणि गीम्साच्या पाण्याचं पीएच ७.२ आहे ना, ते पाहा.

एवढी काळजी घेऊनही सूक्ष्मदर्शक या दोन प्रजाती खात्रीने वेगळ्या करू शकत नाही. हे मी सांगतेय म्हणून मानू नका, सारावाकमधलं कपित आठवा. त्या भागात मलेरिईचे रुग्ण विचित्रपणे जास्त निघत होते. मलेरिई सौम्य असतो, पण इथले रुग्ण ठणठणीत मोठी माणसं असूनही दवाखान्यात भरती करण्याइतके आजारी होत आणि परजीवीही भरपूर असत. बलबीर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रक्ताची मलेरिईच्या प्राइमरने पीसीआर केली, तर मलेरिईचा डीएनए सापडेना. मग नोलेसीसाठी प्राइमर तयार केले. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: तपासलेल्या २०८ मलेरिया रुग्णांपैकी १२० जणांना, म्हणजे ५८ टक्क्यांना, नोलेसी होता. तिथल्या अनुभवी मायक्रोस्कोपिस्टांनी त्यातले बहुतेक मलेरिई म्हणून नोंदवले होते. पुढे सारावाकच्या १९९६ च्या जपून ठेवलेल्या स्लाईडींतूनही नोलेसीचा डीएनए निघाला. आजार आधीपासून होता, मलेरिईच्या रकान्यात भरला जात होता. २००८ साली चार मृत्यूंचा तपशील आला. त्या चौघांच्याही स्लाईडवर मलेरिई लिहिलेलं होतं.

कपितच्या लोकांना जे खटकलं तेच तुमच्या कागदावर होतं: मलेरिई आणि एवढे परजीवी? म्हणून माझा नियम सोपा आहे. पट्टे दिसले आणि संख्या ५,००० च्या वर असेल, किंवा ताप रोज येत असेल, किंवा माणूस आग्नेय आशियाच्या जंगलपट्ट्यातून आलेला असेल, यांतलं एक जरी असलं तरी नुसतं ‘मलेरिई’ लिहायचं नाही. ताप कसा येतो हे विचारताना मात्र जपून. मलेरिईचा चौथ्या दिवसाचा ताप सुरुवातीला नियमित नसतो, त्यामुळे ‘रोज येतो’ एवढ्यावरच मलेरिई बाद होत नाही. पण शंका घ्यायला तेवढं पुरे आहे. प्रवासाचा प्रश्न डॉक्टर विचारतील असं समजू नका. फॉर्मवर ‘गेल्या दोन महिन्यांत कुठे होता, रात्री जंगलात किंवा मळ्यात होता का’ ही ओळ छापून घ्या. सबाह हा शब्द तुमच्यापर्यंत पोचला होता, पण नाव ठरवताना तो स्लाईडशेजारी ठेवला गेला नाही, एवढीच उणीव मला दिसते.

मध्य प्रदेशात खरा मलेरिई मुळीच नाही, असं मात्र समजू नका. बालाघाटच्या जंगलातल्या गावांमध्ये तो सापडलेला आहे. म्हणून बालाघाटचा रुग्ण, स्लाईडवर ८०० परजीवी आणि पट्टे, तर मलेरिई हेच पहिलं नाव. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत ते शेवटचं असायला हवं होतं.

किटने तुम्हाला फसवलं नाही, पण मदतही केली नाही. फाल्सिपेरमची रेघ बहुतेक किटमध्ये एचआरपी-२ या प्रथिनावर उमटते आणि नोलेसी ते बनवत नाही. सामाईक रेघ सगळ्या प्रजातींच्या एलडीएच या एन्झाइमवर असते. ती नोलेसीत उमटू शकते आणि परजीवी कमी असतील तर उमटतही नाही. काही किटमध्ये एखाद्या प्रजातीसाठी म्हणून वापरलेली अँटिबॉडी नोलेसीच्या एलडीएचलाही चिकटते आणि भलतंच नाव दाखवते. थोडक्यात, नोलेसी ओळखणारं किट आपल्या हातात नाही.

पीसीआरबद्दलही एक सावधगिरी. नोलेसीसाठी सुरुवातीला वापरलेली प्राइमरची जोडी कधीकधी व्हायवॅक्सच्या डीएनएलाही पकडते, हे नंतर लक्षात आलं. आपल्याकडे व्हायवॅक्स भरपूर आहे. सबाहहून आलेल्या माणसात नोलेसी निघणं पटण्यासारखं आहे. पण कधीही बाहेर न गेलेल्या इंदुरी रुग्णात ‘नोलेसी पॉझिटिव्ह’ आलं, तर सीक्वेन्सिंग केल्याशिवाय मी ते मान्य करणार नाही. नमुना पाठवायचा तर औषधाच्या पहिल्या डोसाआधीचं ईडीटीए रक्त घ्या आणि त्याचेच काही थेंब फिल्टर पेपरवर वाळवून ठेवा. जिल्हा मलेरिया कार्यालयाला कळवलं की ते पुढची वाट सांगतात. जबलपूरला आदिवासी आरोग्यावरची आयसीएमआरची संस्था मलेरियावर काम करते, ती आपल्याला जवळची.

आता रिपोर्ट. अशा वेळी मी असं लिहीन: ‘मलेरिई किंवा नोलेसीसदृश परजीवी, मायक्रोलिटरमागे १५,६००. आग्नेय आशियातून प्रवास. नोलेसी समजून तातडीने उपचार व्हावेत, पीसीआर आवश्यक.’ आणि कागद पाठवून न थांबता डॉक्टरांना फोन करीन. साध्या नोलेसीवर आर्टेमिसिनिनची संयुक्त गोळी चालते, क्लोरोक्विनही चालतं. गंभीर असेल तर शिरेतून आर्टेसुनेट. यकृतात दडून बसणारी अवस्था त्याला नसल्यामुळे व्हायवॅक्ससारखा चौदा दिवसांचा प्रायमाक्विन लागत नाही. म्हणजे या मुलाला पहिल्याच दिवशी, कोणत्याही नावाखाली, यांपैकी एक औषध सुरू झालं असतं तरी बहुधा भागलं असतं. चुकीच्या नावाला औषध चुकत नाही, उशीर होतो, आणि नोलेसीला उशीर परवडत नाही.

चोरल-पातालपाणीच्या माकडांचं विचारलंत. लोक त्यांना चणे देतात, मुलांना घेऊन जवळ जातात, म्हणून भीती वाटणं साहजिक आहे. पण या मलेरियाची भीती तिथे धरू नका. नोलेसीला तीन गोष्टी एकत्र लागतात. एक, त्याला वर्षानुवर्षं अंगावर बाळगूनही फारशी आजारी न पडणारी माकडं. ती लांब शेपटीची आणि डुकरशेपटी मकाक, आग्नेय आशियातली. दोन, ल्युकोस्फायरस गटातले जंगली अ‍ॅनॉफिलीस डास, सबाहमध्ये बालाबासेन्सिस, सारावाकमध्ये लॅटेन्स. आणि तीन, संध्याकाळी व रात्री त्या डासांच्या टप्प्यात असलेला माणूस. जंगल तोडून पाम लावले की माकडं, डास आणि मजूर एकाच कडेला येतात, तुमचा रुग्ण नेमका तिथेच काम करत होता. माळव्यात आपले मलेरियाचे डास म्हणजे गावात क्युलिसिफेसीस आणि शहरात टाक्यांत वाढणारा स्टीफन्साय. काळ्या तोंडाचे हनुमान लंगूर तर मकाक नव्हेतच. लाल तोंडाचं ऱ्हीसस मकाक आहे खरं, पण नोलेसी त्याला इतका सोसत नाही की संसर्ग झाला तर ते सहसा मरतंच, त्यामुळे ते त्याचं कायमचं घर होऊ शकत नाही. माकड चावलं तर रेबीजची लस घ्यायला धावा, मलेरियाचा विचार करू नका.

एका माणसाकडून डासामार्फत दुसऱ्याला नोलेसी होतो, हे प्रयोगशाळेत दाखवलेलं आहे. प्रत्यक्षात अशी साखळी चालू राहिल्याचं कुठे सिद्ध झालेलं नाही. मलेशियात २०१८ पासून माणसांतल्या चार प्रजातींचा स्थानिक मलेरिया शून्यावर आला, तरी नोलेसीचे रुग्ण दरवर्षी हजारोंनी निघतात, कारण साठा माकडांत आहे. तुमचा रुग्ण बरा होईपर्यंत मच्छरदाणीत झोपला असेल तर शेजाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

भारतात लक्ष ठेवायचं तर निकोबारवर आणि ईशान्येवर. निकोबार बेटांवर लांब शेपटीचे मकाक आहेत आणि अंदमान-निकोबारमधून माणसांत नोलेसीचा डीएनए सापडल्याची नोंद आहे. ईशान्येत त्याच गटातला बैमाय हा डास आहे. तिकडे तैनात असलेले जवान आणि रस्त्यांच्या कामावरचे मजूर रजेवर इंदूर-महूला येतातच. फॉर्मवरच्या त्या ओळीत मलेशिया, थायलंडबरोबर ही दोन नावंही छापून घ्या.